टॅपच्या अर्ध्या सेकंदातली वीज

दुकानात, पेट्रोल पंपावर, मेट्रोच्या फाटकावर आपण जे कार्ड मशीनवर टेकवतो, त्यात सेल नसतो. सौरपट्टी नसते, वीज साठवून ठेवणारा मोठा कॅपॅसिटरही नसतो. प्लॅस्टिकच्या थरांमध्ये दाबलेलं तांब्याच्या बारीक तारेचं तीन-चार फेऱ्यांचं वेटोळं आणि त्याला जोडलेली एक चिप, एवढाच ऐवज. ही चिप म्हणजे लहानसा संगणक असतो. तिच्यात प्रोसेसर, स्मृती आणि गुप्त किल्ल्या वापरून आकडेमोड करणारा खास भाग असतो. मशीनपासून लांब असताना हा संगणक पूर्ण मेलेला असतो. टॅप केल्यावर तो जागा होतो, आपली ओळख सांगतो, व्यवहारावर सांकेतिक सही करतो आणि हात मागे घेताच पुन्हा मरतो. या अवधीत त्याला साधारण दहा मिलिवॅट वीज लागते असं धरलं, तर अर्ध्या सेकंदात पाच मिलिज्यूल ऊर्जा खर्च होते. एक वॅटचा दिवा तेवढ्यात एका सेकंदाचा दोनशेवा भागच जळेल. इतकी थोडी असली तरी ती मिळवायची कुठून आणि कशी, यावर या कार्डाची जवळजवळ सगळी रचना ठरलेली आहे. टॅप का फसतो, कार्ड लांबून कुणी वाचू शकेल का, या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरंही मला बहुतेक वेळा याच विजेच्या हिशोबात सापडतात.

कार्डावर लहरींचं चिन्ह असतं आणि बरेच दुकानदार त्याला वायफाय कार्ड म्हणतात. त्यामुळे मशीन लहरी सोडतं आणि कार्ड त्या पकडतं, असा समज होतो. प्रत्यक्षात मशीनमधला प्रवाह सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा, म्हणजे १३.५६ मेगाहर्ट्झने, उलटसुलट होतो. या वारंवारतेची तरंगलांबी सुमारे २२ मीटर भरते. वेटोळ्यापासून साधारण साडेतीन मीटरच्या आत लहर सुटी होऊन पुढे निघालेली नसते. तिथे वेटोळ्याभोवती वाढणारं आणि ओसरणारं चुंबकीय क्षेत्रच प्रबळ असतं. टॅप तर चार सेंटिमीटरच्या आत होतो. त्यामुळे मशीन आणि कार्ड मिळून एक ट्रान्सफॉर्मर बनतो, ज्याची दोन वेटोळी वेगवेगळ्या मालकांकडे असतात आणि ज्यात लोखंडी गाभ्याच्या जागी हवा असते. मशीनच्या वेटोळ्यातलं बदलतं चुंबकीय क्षेत्र कार्डाच्या वेटोळ्यातून जातं आणि तिथे विद्युतदाब निर्माण करतं. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेला हाच परिणाम.

आता आकडे घालून पाहू. या कार्डांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसओ १४४४३. कार्ड जिथे चाललंच पाहिजे अशा जागी क्षेत्राची तीव्रता किमान १.५ आणि कमाल ७.५ अँपिअर प्रति मीटर असावी, असं ते सांगतं. किमान तीव्रता घेऊ. कार्डाच्या वेटोळ्याची लांबी ७० आणि रुंदी ४० मिलिमीटर धरू, फेऱ्या चार. क्षेत्र एका सेकंदात इतक्यांदा बदलतं, की प्रत्येक फेरीत सुमारे ०.४५ व्होल्ट तयार होतो आणि चार फेऱ्यांत १.८ व्होल्ट. हा दाब प्रत्यावर्ती आहे. चिपला हवा एकदिश दाब, आणि तो मिळवण्यासाठी डायोडच्या पुलातून जाताना काही भाग वाया जातो. शिवाय चिप वीज ओढायला लागली की दाब आणखी खाली येतो. म्हणजे नुसत्या वेटोळ्यावर काम भागत नाही.

इथे अनुनाद मदतीला येतो. वेटोळ्याला स्वतःचं प्रवर्तकत्व असतं आणि चिपच्या दोन टोकांमध्ये मुद्दाम ठेवलेला लहानसा कॅपॅसिटर असतो. दोघांची जोडी १३.५६ मेगाहर्ट्झच्या जवळ जुळवली की प्रत्येक कंपात थोडी थोडी ऊर्जा जमत जाते आणि टोकांवरचा दाब काही पटींनी वाढतो. तीन पटी वाढला तरी १.८ चे साडेपाचच्या आसपास व्होल्ट होतात आणि चिपचं भागतं. चिपमध्ये ७० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर असेल तर वेटोळं जवळपास दोन मायक्रोहेन्रीचं लागतं. तोच १७ पिकोफॅरडचा असेल तर आठ मायक्रोहेन्रीचं, म्हणजे जास्त फेऱ्यांचं. कार्डात तार किती वेळा फिरवायची, हे असं चिपवरून ठरतं. वाटतं की अनुनाद जितका तीक्ष्ण ठेवू तितकं बरं. पण याच वेटोळ्यातून संदेशही जायचा असतो. अनुनाद फार तीक्ष्ण केला तर ऊर्जा भरपूर जमते, पण क्षेत्रातले झटपट बदल त्यात विरघळून जातात आणि मशीन काय म्हणतंय ते चिपला कळत नाही. वीज आणि संदेश यांची ही ओढाताण कार्डाच्या रचनेत शेवटपर्यंत सुटत नाही, तडजोडच करावी लागते.

किमान तीव्रतेचा प्रश्न सुटला की कमाल तीव्रतेचा उभा राहतो. कार्ड थेट मशीनच्या काचेवर ठेवलं तर क्षेत्र पाचपट असू शकतं, आणि त्याच वेटोळ्यात अनुनादाआधीच नऊ व्होल्ट तयार होतात. चिपच्या आतला बारीक परिपथ एक-दोन व्होल्टवर चालणारा असतो, तो क्षणात जळून जाईल. म्हणून चिपच्या दाराशी दाब रोखणारा नियंत्रक बसवलेला असतो. दाब वाढू लागला की तो जास्तीचा प्रवाह स्वतःतून वाहू देतो आणि उष्णतेच्या रूपात घालवतो. प्रवाह वाढला की अनुनादही आपोआप मंदावतो, त्यामुळे दाब आवाक्यात राहतो. मशीनवर घट्ट दाबलेलं कार्ड म्हणूनच आलेली बरीचशी वीज फेकून देत असतं.

वीज आली, आता घड्याळ. प्रत्येक प्रोसेसरला ठोके लागतात. संगणकात त्यासाठी क्वार्ट्झचा स्फटिक असतो, कार्डात तो नसतो. मशीनशी बोलण्याचं वेळापत्रक चिप क्षेत्राचीच कंपनं मोजून पाळते. मानकातल्या अ प्रकाराच्या कार्डांत हे अगदी नेमकं दिसतं. मशीन ५२ ही सात बिटांची हाक देतं. हाक देताना मशीन क्षेत्र क्षणभर थांबवतं; अशा शेवटच्या खंडानंतर कार्ड बरोबर १,२३६ कंपनं मोजतं आणि उत्तराला सुरुवात करतं. हा काळ भरतो ९१ मायक्रोसेकंद. क्षेत्रात दोन कार्डं असतील तर दोन्ही एकाच क्षणी बोलू लागतात, कारण दोघांनी एकाच क्षेत्राची कंपनं मोजलेली असतात. त्यामुळे कोणत्या बिटावर त्यांची उत्तरं वेगळी पडली हे मशीनला ओळखता येतं. दोन कार्डांची टक्कर ओळखण्याची युक्ती या सामायिक घड्याळावर उभी आहे.

मशीन बोलतं कसं, तर क्षेत्र थांबवून. एका बिटाला ९.४४ मायक्रोसेकंद मिळतात. त्यातले दोन-तीन मायक्रोसेकंद क्षेत्र जवळजवळ शून्यावर आणलं जातं आणि हा खंड बिटात कुठे पडला यावरून शून्य की एक हे ठरतं. पण क्षेत्र थांबलं की वीजही थांबते. तेवढा वेळ चिपला तिच्याच अंगातल्या कॅपॅसिटरवर काढावा लागतो आणि चिपवर जागा इतकी कमी असते की तो कॅपॅसिटर नगण्यच असतो. हिशोब करून पाहा. एक नॅनोफॅरडचा साठा आणि एक मिलिअँपिअर खर्च धरला तर तीन मायक्रोसेकंदांत दाब तीन व्होल्टने पडतो, म्हणजे चिप बंदच. म्हणून मशीन बोलत असताना चिप जड काम करत नाही. खर्च अगदी कमी करून ती फक्त ऐकते. ब प्रकारात दुसरा मार्ग घेतला आहे. तिथे क्षेत्र साधारण दहा टक्क्यांनीच कमी-जास्त होतं, वीज अखंड मिळते, पण इतका लहान बदल गोंगाटातून वेगळा काढणं अवघड होतं. मानकात दोन्ही प्रकार राहिले आणि पैसे घेणाऱ्या मशीनला दोन्ही भाषा बोलाव्या लागतात.

कार्डाचं उत्तर मला या सगळ्यात सर्वात देखणं वाटतं. कार्ड स्वतः काहीही प्रक्षेपित करत नाही, तेवढी शक्ती त्याच्याकडे नाहीच. ते फक्त आपला वीजखर्च बदलतं. दोन वेटोळी जोडलेली असल्यामुळे कार्डाने जास्त प्रवाह ओढला की मशीनच्या वेटोळ्यावरचा दाब किंचित हलतो. चिप एक भार सेकंदाला ८,४७,५०० वेळा जोडते आणि तोडते. हा वेग क्षेत्राच्या वारंवारतेचा बरोबर सोळावा भाग आहे. त्यामुळे १३.५६ मेगाहर्ट्झच्या दोन्ही बाजूंना, सुमारे १२.७१ आणि १४.४१ मेगाहर्ट्झवर, दोन क्षीण संकेत उमटतात. मशीन आपल्याच मोठ्या क्षेत्राला गाळून हे दोन संकेत ऐकतं. वीज मिळवायची वाट आणि बोलायची वाट इथे एकच झालेली आहे.

मशीन हाक देतच राहतं, अ प्रकाराची आणि ब प्रकाराची आलटून पालटून. कार्ड क्षेत्रात आलं की पाच मिलिसेकंदांच्या आत त्याने हाक ऐकायला तयार व्हायला हवं, ही मानकाची अट आहे. ओळख झाल्यावर मशीन `2PAY.SYS.DDF01` या नावाने विचारतं की पैसे देण्यासाठी तुझ्याकडे काय काय आहे. कार्ड आपल्यातल्या योजनांचे क्रमांक सांगतं. रुपे कार्ड असेल तर त्यात `A000000524` ने सुरू होणारा क्रमांक असतो. मशीन एक योजना निवडतं, रक्कम, तारीख आणि एक यादृच्छिक आकडा पाठवतं. कार्ड गुप्त किल्ली वापरून त्या सगळ्यावर सही करतं. ही सही करणं हेच सर्वात जड काम असतं. चिपचा वीजखर्च इथे वाढतो आणि क्षेत्र कमजोर असेल तर दाब इथेच कोसळतो. ‘मला आणखी वेळ दे’ अशी विनंती कार्ड मशीनला करू शकतं, तशी सोय नियमांत आहे. आणखी वीज मिळेलच अशी सोय मात्र नाही.

मशीन हिरवा दिवा दाखवण्याआधी कार्ड उचललं की टॅप फसतो, त्याचं कारण हेच. बँकेच्या नेहमीच्या व्यवहारात त्याने फारसं बिघडत नाही, कारण हिशोब बँकेत असतो. पण मेट्रोत आणि बसमध्ये चालणाऱ्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डात शिल्लक रक्कम चिपमध्येच लिहिलेली असते. मुंबई मेट्रोच्या २अ आणि ७ या मार्गांवर असं कार्ड चालतं. अशा चिपच्या कायम स्मृतीत लिहायला दहा व्होल्टहून अधिक दाब लागतो. चिप तो आतल्या आत पायरीपायरीने चढवून तयार करते आणि लिहायला काही मिलिसेकंद लागतात. नेमक्या त्या मिलिसेकंदांत हात मागे गेला तर अर्धवट लिहिलेली रक्कम राहायची. त्यावर उपाय असा, की नवी रक्कम आधी वेगळ्या जागी लिहायची, ती नीट उतरली याची खात्री करायची आणि मगच ‘आता ही खरी’ अशी खूण बदलायची. वीज मध्येच गेली तर जुनी रक्कम शाबूत राहते. तरी एक कोपरा उरतोच. कार्डाने रक्कम वजा केली, पण ‘झालं’ हे उत्तर मशीनपर्यंत पोहोचण्याआधी कार्ड उचललं गेलं, तर कार्ड म्हणतं पैसे दिले आणि फाटक म्हणतं मिळाले नाहीत. अशा वेळी तेच कार्ड त्याच फाटकावर पुन्हा टेकवावं. व्यवहार अर्धा राहिल्याचं ओळखून तो पूर्ण करण्याची सोय अशा यंत्रणांत केलेली असते.

टॅप न होण्याची बाकीची कारणंही बहुतेक विजेचीच. कार्डाजवळ धातू असेल तर बदलतं क्षेत्र त्या धातूत भोवरे प्रवाह निर्माण करतं, ते प्रवाह उलट क्षेत्र उभं करतात आणि कार्डाच्या वेटोळ्यातलं क्षेत्र जवळजवळ पुसलं जातं. शिवाय कार्डाचा अनुनाद जागचा हलतो. फोनच्या कव्हरमध्ये मागे कार्ड सरकवून ठेवणाऱ्यांना हा अनुभव येतो. फोनची धातूची अंगं मध्ये येतात, आणि फोनचा एनएफसी चालू असेल तर फोन स्वतःच ते कार्ड वाचायला पाहतो. धातूची प्रतिष्ठित कार्डं निघाली आहेत, त्यांत चिपचं वेटोळं आणि धातू यांच्यामध्ये फेराइटचा पातळ थर घालून क्षेत्राला वाट करून द्यावी लागते.

पाकिटात दोन कार्डं एकमेकांवर असतील तर दोघं वीज वाटून घेतात, आणि एकमेकांच्या जवळ असल्यामुळे दोघांच्या जोडीची वारंवारता खाली घसरते. म्हणून पुष्कळ कार्डं मुळातच १३.५६ च्या थोडी वर जुळवलेली असतात, म्हणजे घसरल्यावरही ती टप्प्यात राहावीत. पण पैसे देणारी दोन कार्डं दिसली तर मशीन स्वतःहून कुठलंही एक निवडत नाही. एकच कार्ड दाखवा म्हणून थांबतं, आणि ते योग्यच आहे.

तिसरं कारण म्हणजे तुटलेलं वेटोळं. तार चिपच्या चकतीला दोन टाक्यांवर जोडलेली असते. कार्ड मागच्या खिशात वाकत राहिलं की हे टाके सुटतात. असं कार्ड चिपच्या बाजूने मशीनमध्ये घातलं तर व्यवस्थित चालतं, कारण तेव्हा वीज सोनेरी पट्ट्यांतून मिळते. फक्त टॅप कुठेच होत नाही. खात्री करायची असेल तर एनएफसी असलेल्या फोनच्या पाठीशी ते हळू सरकवत न्यावं. चांगलं कार्ड असेल तर एखाद्या जागी फोन आवाज करतो किंवा पडद्यावर काहीतरी येतं. आधी एनएफसी चालू आहे आणि पडदा उघडा आहे ना, एवढं पाहावं. कुठेच काही होत नसेल आणि दुसऱ्या कार्डाला फोन दाद देत असेल, तर वेटोळं गेलं असं समजावं आणि बँकेकडून नवं कार्ड मागावं.

ही वीज डोळ्यांनी पाहायची असेल तर इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे कार्डाएवढे चार वेढे घ्यावेत, दोन टोकं खरवडून एका लाल एलईडीला जोडावीत आणि ते वेटोळं फोनच्या पाठीवर किंवा मशीनवर धरावं. एलईडी लुकलुकतो. लुकलुकण्याचं कारणही पाहण्यासारखं आहे. फोन बॅटरी वाचवण्यासाठी क्षेत्र सतत चालू ठेवत नाही. ठरावीक अंतराने क्षणभर चालू करून कुणी आहे का ते पाहतो.

आता भीतीचा प्रश्न. गर्दीत कुणी पाकिटाजवळ मशीन धरून पैसे काढील का? क्षेत्र अंतराबरोबर किती झपाट्याने घटतं हे आधी पाहू. मशीनचं वेटोळं तीन सेंटिमीटर त्रिज्येचं आणि मध्यभागी तीव्रता ७ अँपिअर प्रति मीटर आहे असं धरा. चार सेंटिमीटरवर ती १.५ उरते, म्हणजे कार्डाला पुरेल इतपत. दहा सेंटिमीटरवर ०.१७ उरते आणि तीस सेंटिमीटरवर ०.००७. चार सेंटिमीटरची मर्यादा ही कुणी घातलेली बंदी नाही, वेटोळ्याच्या आकारातूनच ती येते. मोठं वेटोळं घेऊन अंतर वाढवता येतं. पण तीस सेंटिमीटरवर कार्ड जागं करायला साधारण ८५ सेंटिमीटर व्यासाचं कडं आणि त्यात दोन अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. असं कडं खिशात लपत नाही. शिवाय कार्ड जागं झालं तरी त्याचं क्षीण उत्तर एवढ्या मोठ्या क्षेत्रातून ऐकायचं असतं. तेल अवीव विद्यापीठाच्या इलान किर्शेनबाउम आणि अविशाई वूल यांनी २००६ मध्ये शंभर डॉलरच्या आसपास खर्चात असं उपकरण बांधून दाखवलं, आणि त्यांचा पल्ला सुमारे २५ सेंटिमीटर निघाला.

खरा धोका दुसरीकडे आहे. केंब्रिजमध्ये गेरहार्ड हँके यांनी २००५ मध्ये दाखवलं की कार्डाजवळ एक उपकरण आणि मशीनजवळ दुसरं ठेवून मधला संवाद ५० मीटरवरून पुढे पाठवता येतो. कार्डाला वीज त्याच्याजवळचं उपकरण देतं, म्हणून अंतराची मर्यादा गळून पडते. सही खरी असते, फक्त मालकाला पत्ता नसतो. याचा बंदोबस्त विजेने होत नाही, वेळ मोजून होतो. उत्तराला किती वेळ लागला हे मशीन पाहतं आणि उशीर झाला तर व्यवहार नाकारतं. अशी तपासणी काही योजनांच्या नियमांत आलेली आहे. दुसरा बंदोबस्त रकमेचा. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून पिन न टाकता टॅप करण्याची मर्यादा दोन हजारांवरून पाच हजार रुपये केली. ग्राहकाला बँकेच्या अ‍ॅपमधून टॅपची सोय बंदही करता येते. टॅप कधीच वापरत नाही अशांनी ती बंद ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

फोनने केलेला टॅप या हिशोबात बसत नाही. फोनला बॅटरी असते आणि त्याचं वेटोळं लहान असतं, म्हणून तो भार बदलण्याऐवजी क्षेत्राच्या तालात स्वतःचा संकेत सोडतो. उलट फोनच दुकानदाराचं मशीन होतो तेव्हा अडचण कार्डाची होते. फोनचं क्षेत्र लहान आणि कमजोर असतं, वेटोळं नेमकं कुठे आहे हे बाहेरून दिसत नाही. तिथे कार्ड टेकवून स्थिर धरावं लागतं, आणि योग्य जागा कॅमेऱ्याजवळ असते की पाठीच्या मधोमध हे फोनागणिक बदलतं.

पाच मिलिज्यूलच्या या ताळेबंदावर सध्या सर्वात मोठा ताण आणलाय तो बोटाचा ठसा घेणाऱ्या कार्डांनी. अशा कार्डातही सेल नसतो. ठसा टिपणारा संवेदक आणि तो जुळवून पाहणारी आकडेमोड, दोन्ही मशीनच्याच क्षेत्रावर चालवायची असतात, आणि तेही सही करण्याआधी. कमजोर क्षेत्राच्या मशीनवर वीज पुरत नाही, म्हणून ठसा घेणं, जुळवणं आणि बोलणं ही कामं एकामागून एक करावी लागतात आणि संवेदकाचं काम आटोपेपर्यंत बाकीची चिप जवळजवळ झोपवून ठेवावी लागते. बोट कार्डावर असताना तळहात वेटोळ्यावर येतो, त्याने अनुनाद हलतो, त्यासाठी जुळणीत आधीच जागा सोडावी लागते. ठसा जुळला तर रकमेची मर्यादा सैल करता येईल, हे त्यांचं आकर्षण. मशीनने चार सेंटिमीटरच्या कडेला दिलेल्या विजेत हे सगळं बसवणं, यावर त्यांच्या चिपा बनवणारे आज झगडत आहेत.